तिकिटामागे वीस रुपये

मैत्रिणींनो, उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये ट्रॅव्हल एजन्सीत कमिशनवर काम मिळत असेल, तर हिशेब वर्षाचा मांडा. रेल्वेच्या अधिकृत एजंटाला स्लीपरच्या तिकिटामागे २० आणि एसीच्या तिकिटामागे ४० रुपयेच आकारता येतात, वर कर. समजा, मे महिन्यात स्लीपरची २०० तिकिटं निघाली, तर ४,००० रुपये. जुलैत ५० निघाली, तर १,०००. त्यातून आधी दुकानभाडं, मग तुमचा वाटा. म्हणून मालकाला विचारा, पावसाळ्यात ठरलेला पगार मिळेल का? शिवाय आता बरेच जण मोबाईलवर स्वतःच तिकीट काढतात. टिकेल ते अष्टविनायकासारख्या सहली आखण्याचं काम: गाडी, मुक्काम, जेवण. ते शिकायला मिळणार असेल, तरच तिथे वर्ष घाला.