स्वस्त शिलाई दूर, दिवाळी जवळ

मंडळी, आजचा प्रश्न बीडच्या कापड बाजारातला आहे. ठोक व्यापाऱ्याने दिवाळीचे शर्ट कुठून शिवून घ्यावेत? बांगलादेशातून की सोलापुरातून? दूरचं उत्पादन जवळ आणण्याला हल्ली ‘निअरशोअरिंग’ म्हणतात.

बांगलादेशात शिलाईची मजुरी कमी आहे. डिसेंबर 2023 पासून तिथल्या तयार कपड्यांच्या कामगाराचं किमान वेतन महिन्याला 12,500 टका झालं, तरीही शर्ट तिथेच स्वस्त पडतो असं धरू. पण माल यायला वेळ लागतो. 17 मे 2025 पासून भारताने तिथले तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणं बंद केलं. ते न्हावाशेवा किंवा कोलकाता बंदरातूनच आणावे लागतात. त्यामुळे सीमेवरून ट्रकने येणारा माल आता जहाजाची वाट बघतो. कापडाची जुळवाजुळव, शिलाई आणि प्रवास मिळून समजा नव्वद दिवस. सोलापूर धुळे महामार्गावरच आहे. कापड तयार असेल तर समजा पंधरा दिवस.

हा पंचाहत्तर दिवसांचा फरक बीडमध्ये एवढा का महत्त्वाचा? कारण इथली दिवाळी पावसावर ठरते. ऑगस्ट 2023 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि पुढे वडवणी, धारूर, अंबाजोगाई तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सप्टेंबर 2025 मध्ये उलट झालं, अतिवृष्टीने उभी पिकं गेली. नव्वद दिवस आधी, म्हणजे जुलैत, ऑर्डर देणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सप्टेंबर संपताना ऑर्डर देणाऱ्याला बरंच दिसतं.

आता हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. बांगलादेशचा शर्ट बीडपोच 300 रुपयांना, सोलापूरचा 350 ला. दुकानदाराला विक्री 440 ला. दिवाळीनंतर उरलेला शर्ट 220 ला काढावा लागतो. पीक चांगलं तर 5,000 शर्ट खपतात, वाईट तर 2,000. दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी.

सगळे 5,000 बांगलादेशातून मागवले, तर चांगल्या वर्षी सात लाख नफा. वाईट वर्षी 2,000 शर्टांवर 2 लाख 80 हजार मिळतात, पण उरलेल्या 3,000 वर प्रत्येकी 80 रुपये बुडतात. हाती 40 हजार. सरासरी 3 लाख 70 हजार.

सगळे सोलापुरातून, हंगाम बघून घेतले, तर साडेचार लाख किंवा 1 लाख 80 हजार. सरासरी 3 लाख 15 हजार. म्हणजे ‘सगळं जवळ आणा’ हा सल्ला इथे तोट्याचाच ठरतो, बरं का!

तिसरी वाट बघा. 2,000 शर्ट कुठल्याही वर्षी खपणारच, ते बांगलादेशातून घ्या. उरलेले 3,000 पीक चांगलं दिसलं तरच सोलापुरात शिवा. चांगल्या वर्षी साडेपाच लाख, वाईट वर्षी 2 लाख 80 हजार, सरासरी 4 लाख 15 हजार. खात्रीचा भाग दूर, शंकेचा भाग जवळ.

मग जवळच्यासाठी जादा किती मोजायचे? शक्यता निम्मी-निम्मी असेल, तर एक शर्ट उरल्यावर जेवढं बुडतं तेवढ्यापर्यंत. इथे 80 रुपये. आपण 50 मोजतोय, म्हणून परवडतं. वाईट वर्ष चारातून एकदाच येत असेल, तर ही मर्यादा 27 रुपयांवर येते आणि सगळा माल दूरचाच बरा. पांढऱ्या बनियनसारखा, पुढच्या वर्षीही त्याच भावात विकला जाणारा माल असेल, तरीही दूरचाच. तिथे फक्त अडकलेल्या पैशाचं व्याज मोजावं.

यात फसगत कुठे होते? पंधरा दिवसांच्या शब्दात. पाऊस चांगला झाला की बीड, परभणी, लातूर सगळीकडून सोलापुरात एकाच आठवड्यात फोन जातात. कापड आणि कारागीर दोन्ही कमी पडतात. म्हणून मागच्या चांगल्या दिवाळीची बिलं काढा. ऑर्डरची तारीख आणि माल पोचल्याची तारीख शेजारी लिहा, आणि सरासरी न बघता सर्वांत मोठा उशीर बघा. तो तीस दिवसांचा निघाला, तर माल दिवाळीनंतर येईल आणि जादा दिलेले पैसे वाया जातील. त्यावर उपाय एकच, जुलैतच थोडी रक्कम देऊन कापड आणि मशिनं राखून ठेवायची. शिवायचं की नाही, ते सप्टेंबरात सांगायचं. वाईट वर्षी ही रक्कम बुडेल. म्हणून तीही जादा खर्चात धरा आणि मगच 80 रुपयांच्या मर्यादेशी ताडून बघा.

मजुरीतली बचत बिलावर छापलेली असते. उशिराची किंमत कुठल्याच बिलावर नसते, ती आपल्यालाच मांडावी लागते.