संवादावरून हॉर्न पुसताना
नटाचं वाक्य छान झालं, पण नेमका त्यावरून गाडीचा हॉर्न गेला. अशा वेळी साउंड एडिटर स्पेक्ट्रोग्राम उघडतो. त्यात वेळ डावीकडून उजवीकडे सरकते, खालून वर स्वर चढत जातो आणि आवाज मोठा तिथे रंग उजळतो. हॉर्न एकावर एक आडव्या रेघांसारखा दिसतो: अनेकदा ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपास, मग त्यांच्या पटींत. गाडी पुढे गेली की रेघा किंचित खाली उतरतात. बोलण्याच्या रेघा मात्र सतत लवतात, म्हणून दोन्ही वेगळ्या ओळखू येतात.

आयझोटोप आरएक्समध्ये हॉर्नची एकेक रेघ अगदी अरुंद निवडून Spectral Repair मधलं Attenuate चालवतात. शेजारचा आवाज पाहून ते तेवढाच भाग दाबतं. रेघ पार मिटवायचा हट्ट धरला, तर बोलणं पोकळ, पाण्याखालून आल्यासारखं लागतं. मूळ आवाजातून दुरुस्त आवाज वजा करून उरलेलं ऐकावं. त्यात शब्द कळले, तर निवड जास्त रुंद झाली.

भुंकणं याहून अवघड, कारण ते तुटक आणि खालपासून वरपर्यंत पसरलेलं असतं. दोन शब्दांमध्ये आलं तर तिथे त्याच जागेचा रूम टोन भरता येतो. शब्दावरच आलं, तर मी सरळ दुसऱ्या टेकमधला तोच शब्द शोधतो.