कापलेल्या जागी 'टक्' का होतं?

मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणातून एक नकोसं 'म्हणजे' काढलं, वाक्य अर्थाला नीट जुळलं, तरी सांध्यावर बारीक 'टक्' ऐकू येतं. पडद्यावर ती जागा खूप मोठी करून पाहिली की कारण दिसतं.

आवाजाची लाट मधल्या शून्य रेषेच्या वर-खाली सतत फिरत असते. समजा, डावा तुकडा +०.४ वर संपला आणि उजवा -०.३ वर सुरू झाला. सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या फाइलीत ही ०.७ ची उडी एका नमुन्यात, म्हणजे सेकंदाच्या ४४,१०० व्या भागात होते. बोलण्याची लाट सहसा इतकी अचानक उडत नाही, म्हणून कानाला ते 'टक्' वेगळं कळतं.

उपाय म्हणजे दोन्ही टोकं लाट शून्य रेषा ओलांडते तिथेच कापायची. ऑडॅसिटीत भाग निवडून `Z` दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या अशा बिंदूंवर सरकतात. मात्र दिशाही पाहायची. डावीकडे लाट खालून वर येत असेल, तर उजवीकडचीही वरच जाणारी हवी. नाहीतर सांध्यावर टोकदार कोपरा उरतो आणि तोही कधीकधी ऐकू येतो.

स्टिरिओत ही युक्ती बऱ्याचदा अपुरी पडते, कारण दोन्ही बाजूंच्या लाटा एकाच क्षणी शून्यावर येतीलच असं नाही. तिथे पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा: एक तुकडा विरतो, तेवढ्यात दुसरा चढतो.