ओळख पाच आठवड्यांची, वाढदिवस शनिवारी

पाच आठवड्यांपूर्वी ॲपवर ओळख झाली. सहा-सात वेळा भेटणं झालं, रोज रात्री तासभर फोन चालतो; पण ‘आपलं नक्की काय चाललंय’ हा विषय अजून दोघांपैकी कुणीच काढलेला नाही. आणि येत्या शनिवारी तिचा वाढदिवस. समजा, मुलगा पुण्यात नोकरी करतो, मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. मुलगीही नोकरी करते, पण आईवडिलांच्या घरी राहते. त्यानं सहा हजारांचं स्मार्टवॉच कार्टमध्ये टाकून ठेवलंय. मित्र म्हणतात, ‘घेऊन टाक, इम्प्रेशन पडलं पाहिजे.’ आपण त्याला दोन दिवस थांबायला सांगू.

भेटवस्तू दिली की देणाऱ्याचं काम संपतं, घेणाऱ्याचं तिथून सुरू होतं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये भेटींवर एक मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की भेट वरकरणी कितीही ऐच्छिक दिसली तरी तिच्यात तीन बंधनं असतात : देण्याचं, घेण्याचं आणि परत देण्याचं. हे आपल्याला पॅरिसहून कळायची गरज नव्हती. लग्नघरात कोपऱ्यात बसून एक काका वहीत आहेर लिहून घेतात, ते कशासाठी? उद्या त्यांच्याकडच्या कार्याला तेवढंच किंवा थोडं चढतं देता यावं म्हणून. दोन कुटुंबांचं नातं पिढ्यान् पिढ्या टिकणार असतं तेव्हा ही वही उपयोगी पडते. पाच आठवड्यांच्या ओळखीत तीच वही अंगावर येते.

घड्याळाचंच गणित मांडून पाहू. तिचा पगार अठ्ठावीस हजार आणि त्यातले काही ती घरी देते, असं धरू. त्याचा वाढदिवस दोन महिन्यांनी. तिनं सहा हजारांचं घड्याळ घेतलं, की दोन महिन्यांत तिला तोलामोलाचं काही शोधणं आलं. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा तरी गेला. नाही शोधलं, तर ‘मी त्याचं लागते’ ही भावना प्रत्येक भेटीत तिच्या शेजारी येऊन बसणार. सगळ्यात वाईट म्हणजे, पुढच्या महिन्यात तिला ‘हे काही जमत नाहीये’ असं सांगावंसं वाटलं, तर मनगटावरचं घड्याळ त्या वाक्याच्या आड येणार. हाच तो दबाव. त्यानं तो मुद्दाम आणला नसला तरी तो आलाच.

बरं, एवढा खर्च करून कौतुक तरी वाढतं का? फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये नुकताच साखरपुडा झालेल्या लोकांना अंगठीबद्दल विचारलं. अंगठी जितकी महाग तितकं तिला कौतुक जास्त, असं देणाऱ्या पुरुषांना वाटत होतं. घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत किमतीचा आणि कौतुकाचा असा काही संबंध आढळला नाही. लग्न ठरलेल्यांची ही गत, तर पाच आठवडेवाल्यांनी कार्ट रिकामी करायला हरकत नाही.

मग किती? मला सोयीचं वाटतं ते माप असं : तुम्ही दोघं एका संध्याकाळी बाहेर पडता तेव्हा एकूण जेवढा खर्च होतो, तेवढ्यात भेट बसावी. मिसळ, कॉफी, रिक्षा मिळून सहाशे होत असतील, तर सहाशे. हा आकडा दोघांनाही आधीच परवडलेला असतो, त्यामुळे परतफेडीचा विचार मनात येत नाही. ज्यांची संध्याकाळ चार हजारांची असते त्यांनी चार हजार खर्चावेत, त्यांच्यात ते चालून जाईल.

पण स्वस्त म्हणजे हलकं, असं मात्र नाही. हातानं केलेला चाळीस पानांचा अल्बम, त्यात पहिल्या भेटीचं बिल चिकटवलेलं, प्रत्येक चॅटचा स्क्रीनशॉट, शेवटी चार पानी पत्र. साहित्याचा खर्च तीनशे रुपये. वजन मात्र घड्याळाच्या दसपट. घड्याळ निदान परत करता येतं. एवढा जीव ओतलेली वस्तू परत कशी करणार, आणि तिचं उत्तर तरी काय देणार? सहाव्या भेटीनंतर माणूस साधारणपणे समोरच्याला आवडून घेत असतो, त्याच्यावर पोथी लिहीत नसतो. तेच पुढच्या तारखांचं. पंधरा दिवसांनंतरच्या नाटकाचं तिकीट, तेही तिला तारीख विचारून काढलेलं, ही उत्तम भेट. नाटक झालं की ती संपते. सहा महिन्यांनंतरच्या गोव्याचं बुकिंग म्हणजे भेट देता देता परस्पर घेतलेला निर्णय.

आता घरचा प्रश्न. डेटिंगवरचे बहुतेक सल्ले, माणूस एकटा राहतो असं धरून चालतात. आपल्याकडे मुलगी संध्याकाळी पिशवी घेऊन घरी येते आणि आई विचारते, ‘काय आणलंस? कुणी दिलं?’ भेट निवडताना हा प्रसंग डोळ्यांपुढे आणायलाच हवा. चांदीचे पैंजण, कानातलं, अंगठी, साडी, परफ्यूम यांतलं काहीही आणलं, तर तिला त्याच रात्री एक तर नातं जाहीर करावं लागतं किंवा मैत्रिणीच्या नावावर खपवावं लागतं. म्हणजे खोटं बोलण्याचं काम तुम्ही तिच्या हातात गिफ्ट-रॅप करून दिलंत. मुलग्यांना याची झळ कमी लागते, पण नव्या कोऱ्या ब्रँडेड शर्टाचं उत्तर त्यांनाही द्यावं लागतं.

दागिना आणि साडी यांचा त्रास एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे या वस्तूंना ठरलेल्या जागा आहेत. अंगठी साखरपुड्याची. दिवाळी पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो ओवाळणी घालतो. त्यामुळे त्या दिवशी नेमका हाती पडलेला डबीतला दागिना, देणाऱ्याच्या मनात फक्त ‘फेस्टिव्ह सेल’ असला तरी, वेगळंच बोलतो. भाऊबीज दुसऱ्याच दिवशी येते. तोवर थांबून गेलात तर संदेश दुसऱ्या टोकाला जाईल आणि तो निस्तरणं जास्त अवघड. उलट कॅलेंडरमध्ये काही दिवस अगदी सुरक्षित आहेत. संक्रांतीचा तिळगूळ कुणीही कुणाला देतो. दसऱ्याला आपट्याचं पान देऊन ‘सोनं घ्या’ म्हणता येतं, आणि त्या सोन्याचा कुणी हिशेब ठेवत नाही. दिवाळीत एखादा दिवाळी अंकही चालतो. तो घरात सगळेच वाचतात, ही त्यातली गंमत.

‘घरात सगळ्यांच्या हाती लागणारी वस्तू’ हे सूत्र मला फार कामाचं वाटतं. आपल्या मुलाकडे परत येऊ. ती त्याला तिसऱ्या भेटीत म्हणाली होती की बाहेर प्यायलेली फिल्टर कॉफी फार आवडते, घरी मात्र इन्स्टंटच होते. यात भेट दडलेली आहे. दोन कप निघतील असा स्टीलचा छोटा कॉफी फिल्टर भांड्यांच्या दुकानात तीन-चारशेला मिळतो. सोबत ताजी दळलेली, थोडी चिकोरी घातलेली पाव किलोपेक्षा कमीच पूड. वरच्या भोकांच्या भांड्यात पूड, तिच्यावर हलकेच दाबलेली चकती, मग कडकडीत पाणी. पंधरा-वीस मिनिटांत खाली अर्क जमतो. हा फिल्टर स्वयंपाकघरात गेला की कुणा एकाचा राहत नाही. रविवारी तिचे बाबाही कॉफी मागतील. ‘ऑफिसातल्यानं दिला’, ‘मित्रानं दिला’, काहीही सांगितलं तरी भुवई वर जाणार नाही. आणि तिला जे कळायचं ते कळेल : मी बोलले होते ते यानं ऐकलं होतं.

काही सुचतच नसेल तर सरळ विचारावं. सरप्राइजचं आपल्याला उगीच कौतुक आहे. फ्रान्चेस्का जीनो आणि याच फ्लिन यांचा २०११ चा अभ्यास सांगतो, की लोकांना मागितलेली भेट न मागता मिळालेल्या भेटीपेक्षा जास्त भावते. देणाऱ्यांना मात्र उलट वाटत असतं. ‘पाचशेच्या आत काहीतरी आणणार आहे, पुस्तक की खाऊ?’ या प्रश्नात रसभंग काही नाही. उलट मर्यादाही सहज सांगून होते.

द्यायचं कसं, याचीही एक रीत. ऑफिसच्या पत्त्यावर पुष्पगुच्छ पाठवू नये; तिच्याआधी तो रिसेप्शनला, हाउसकीपिंगला आणि शेजारच्या टेबलला मिळतो. चारचौघांत देऊ नये. भेटल्या भेटल्या न देता निघताना द्यावं, म्हणजे समोर उघडून चेहरा सजवायची तिच्यावर वेळ येत नाही. ‘तू कॉफीचं म्हणाली होतीस ना, म्हणून’ एवढं वाक्य पुरे. ‘तुझ्यासाठी काय पण’ नको, ‘काही विशेष नाही गं, असंच’ हेही नको. पहिलं ओझं टाकतं. दुसरं तिला रात्रभर अर्थ लावत बसवतं. संभ्रम बऱ्याचदा वस्तूपेक्षा अशा अर्धवट वाक्यांतून होतो. एकीकडे ‘आपण कॅज्युअल आहोत’ म्हणायचं आणि दुसरीकडे महिन्याला एक दागिना द्यायचा, हा तर संभ्रमही नव्हे. बोलायचं टाळून सराफाला बोलायला लावणं आहे ते.

भेट जड झाली हे ओळखता येतं. तिनं किंमत विचारली, ‘अरे, एवढं कशाला’ दोनदा नाही तर पाचदा म्हटलं, आठवड्याच्या आत तेवढ्याच किमतीची वस्तू तुमच्या हातात ठेवली, तर तिनं खातं बंद केलंय असं समजावं आणि पुढचे दोन-तीन महिने हात आखडता घ्यावा. त्यावर नाराजी दाखवली की दबाव दुप्पट होतो.

आणि घेणारी तुम्ही असाल, समोर सहा हजारांचं खोकं आलं, तर? ‘छान आहे, पण आत्ता एवढं मला जड जातंय. तू परत केलंस तर मला बरं वाटेल. त्यापेक्षा शनिवारी जेवायला घाल,’ असं त्याच दिवशी, सील फोडण्याआधी म्हणावं. ऑनलाइन वस्तू परत करायला थोडेच दिवस मिळतात. समजूतदार माणूस थोडा खट्टू होतो आणि ऐकतो. जो ‘मी इतक्या प्रेमानं आणलं आणि तू…’ सुरू करतो, त्यानं घड्याळाबरोबर काय दिलं होतं ते कळतं.

प्रकरण पुढे गेलंच नाही, तर दिलेलं परत मागू नये. कायदाही सामान्यतः घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार मोबदल्याशिवाय, स्वखुशीनं दिलेली आणि समोरच्यानं स्वीकारलेली वस्तू म्हणजे भेट, आणि देणाऱ्याचं मन बदललं एवढ्या कारणावरून ती रद्द होत नाही. परत द्यावं की नाही हे घेणाऱ्यानं ठरवावं. दागिना किंवा महागडं यंत्र असेल तर बहुतेकांना ते परत देऊन मोकळं व्हावंसं वाटतं; तसं असेल तर कुरिअरनं पाठवावं, त्यासाठी आणखी एक भेट ठरवू नये. स्टीलचा फिल्टर असेल, तर तो एव्हाना बाबांचा झालेला असतो.