बिरबलाची पगडी

‘बिरबलाची खिचडी’ बसवायची ठरली की वर्गातील प्रत्येकाला बिरबलच व्हायचे असते. अशा वेळी शिक्षकांनी सर्वांकडून बिरबलाचे आणि थंड पाण्यात रात्र काढणाऱ्या गरिबाचे, असे दोन्ही संवाद वाचून घ्यावेत व स्वतः शेवटच्या रांगेत उभे राहावे. ज्याचे शब्द तेथवर स्पष्ट पोहोचतात, त्याला दरबारातील युक्तिवाद द्यावा. आवाज बारीक पण हावभाव बोलके असतील, तर गरिबाची भूमिका द्यावी. कुडकुडणे शब्दांवाचूनही कळते. खिचडी शिजविण्याच्या प्रवेशात दुसरा बिरबल चालतो. पगडी तीच असली की प्रेक्षक त्याला ओळखतात. तिसरा मात्र गोंधळ करतो. निवडीचे कारण प्रत्येकाला एकेकटे सांगावे. यादी थेट फळ्यावर लावली, तर निराश झालेले मूल सर्वांदेखत हिरमुसते.