माशी बसते तिथे नाही, जन्मते तिथे बघा

काशीमिरा नाक्यापासून काशीगावात शिरताना संध्याकाळी भाजी, कापलेली फळं, चाट आणि मासळी एकमेकांना खेटून विकायला असतात. अशा कुठल्याही दुकानात ताडपत्री बांधलेली सुतळी किंवा दिव्याची वायर जवळून बघा. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतील. काळपट ठिपके ही माशीची विष्ठा आणि फिकट पिवळसर ठिपके ही तिची ओकारी. माश्या रात्री अशाच दोऱ्यांवर, वायरींवर आणि ताडपत्रीच्या कडांवर विसावतात. सुतळीवर हे ठिपके दिसतात म्हणून कळतात. चटणीवर पडलेले कळत नाहीत. माशीबद्दलचे बरेच गैरसमज या न दिसण्यातूनच आले आहेत.

"क्षणभरच बसली होती, हाकलली की झालं"

माशीला चावता येत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाला स्पंजासारखी गादी असते आणि तिने फक्त पातळ पदार्थ ओढता येतो. म्हणून घट्ट अन्नावर बसली की ती आधी पोटातला द्रव बाहेर काढते, त्यात अन्न विरघळवते आणि मग शोषून घेते. हा द्रव येतो तिच्या अन्नपिशवीतून. घाईघाईने ओढलेलं अन्न पचायला जाण्याआधी या पिशवीत साठतं. म्हणजे तासाभरापूर्वी माशी उघड्यावरच्या विष्ठेवर बसली असेल, तर तिथला अंश कलिंगडाच्या फोडीवर पडणाऱ्या थेंबात असू शकतो. हे सगळं काही क्षणांत होतं आणि आपण हात हलवेपर्यंत उरकलेलं असतं.

बहुतेकांना वाटतं की माशी पायांना घाण लावून आणते आणि तेवढंच. पायांचा दोष खराच. पंजाखाली चिकट केसांच्या गाद्या असतात, त्यांत घाण अडकते. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी छावण्यांत विषमज्वराने थैमान घातलं, तेव्हा वॉल्टर रीड यांच्या तपास मंडळाला त्याचा पुरावा डोळ्यांनी दिसला. शौचखड्ड्यांत चुना टाकलेला होता आणि जेवणाच्या तंबूत अन्नावर चालणाऱ्या माश्यांचे पाय चुन्याने पांढरे झालेले होते.

पण पायांवरचे जंतू उघड्यावर असतात. ऊन आणि कोरडी हवा लागून त्यातले बरेच लवकर मरतात. पोटात तसं नाही. तिथे ओलावा आहे, अन्न आहे, ऊन नाही. जपानमधल्या संशोधकांनी माश्यांना ई. कोलाय ओ-१५७ हा जुलाबाचा घातक जंतू खाऊ घातला, तेव्हा पुढचे तीन दिवस तो त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडत राहिला. शिवाय तोंडाच्या गादीतल्या बारीक खाचांत तो वाढलेला आढळला. म्हणून माशीला नुसती हमाल म्हणणं पुरेसं नाही. काही जंतूंसाठी ती चालतं-फिरतं साठवणघर आहे.

यात शिगेला हा जंतू सगळ्यांत धोक्याचा. रक्ताची आव पडते ती बहुतेकदा याच्यामुळे. तो दहा ते शंभर इतक्या कमी संख्येने पोटात गेला तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि एवढं ओझं माशीच्या एका थेंबात सहज मावतं. साल्मोनेला किंवा कॉलऱ्याच्या जंतूंची संख्या सहसा फार मोठी लागते, ती माशी थेट आणू शकत नाही. मात्र उरलेलं काम अन्न करतं. कोमट रगड्यात शंभर जंतू पडले आणि अर्ध्या तासाला ते दुप्पट होत गेले, तर पाच तासांत एक लाखाच्या वर जातात. दुपारी चारला उकडून ठेवलेला रगडा रात्री नऊला खाणाऱ्याच्या वाट्याला हे येतं. रगडा वाफाळता ठेवला तर हा हिशेब मुळातच थांबतो, म्हणून गाडीवरची शेगडी झाकणाइतकीच महत्त्वाची.

"मासळीवर माशी बसते, म्हणजे माल चांगला"

हा समज २०१८ च्या जुलैपासून जास्त पसरला. तेव्हा गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मलिन असल्याचं प्रकरण गाजलं आणि परराज्यांतून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद केली. तेव्हापासून गिऱ्हाईक टोपलीवर माशी शोधू लागलं. माशी नाही, म्हणजे औषध मारलंय, असा सरळ हिशेब.

खरं कारण बहुतेक वेळा बर्फ असतं. माशी वासावर येते, आणि बर्फात गाडलेल्या थंड मासळीला वास फार कमी सुटतो. उत्तनहून आलेली मासळी एखादी कोळीण नीट बर्फात ठेवत असेल, तर तिच्या पाटीवर माश्या कमी असणारच, आणि तिच्याकडून घेणंच शहाणपणाचं. उलट माश्या घोंगावत असतील, तर मासळी उन्हात तापत पडली आहे एवढाच त्याचा अर्थ. ताजेपणा कल्ल्यांच्या लाल रंगावरून, डोळ्यांच्या चमकेवरून आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येतं का यावरून बघावा.

मासळीवर आणि मटणावर येणारी हिरवी-निळी चकाकती माशी वेगळ्या जातीची असते. घरमाशी राखाडी, तिच्या पाठीवर चार काळ्या रेघा. दोघीही विष्ठेवर बसतात, त्यामुळे "ही तर मासळीचीच माशी" म्हणून तिला माफी नाही.

"पावडर टाकली, धूर मारला, तरी माश्या आहेतच"

तक्रार खरी आहे, फक्त उपाय चुकीच्या जागी पडतो. धूरफवारणी डासांसाठी असते. ती हवेतली प्रौढ माशी मारते, कचऱ्यातल्या अळ्यांना तिचा त्रास होत नाही, आणि काही दिवसांत नव्या माश्या उडू लागतात. औषधाला माश्या सरावतात हेही जुनं आहे. टेक्सासच्या हिडाल्गो परगण्यात १९४६-४७ मध्ये डीडीटी मारून माश्या कमी केल्या आणि शिगेलाचे रुग्ण खरोखर घटले, पण दोन-तीन वर्षांत तिथल्या माश्या डीडीटीला दाद देईनात. कचऱ्यावर भुरभुरवलेल्या पांढऱ्या पावडरीने वास थोडा दबतो. अळ्या मात्र इंच-दोन इंच खाली असतात.

समजा, सोमवारी संध्याकाळी मासळी कापून देणाऱ्या बाईंच्या बादलीतली आतडी-कल्ले कचऱ्याच्या डब्यात गेले. माशीने तिथे शंभराच्या आसपास अंडी घातली, आणि आयुष्यात ती असे चार-पाच घाणे घालते. आपल्या हवेत मंगळवारी अंडी फुटतात. शुक्रवार-शनिवारपर्यंत अळ्या खाऊन जाड होतात आणि मग त्यांना कोरडी जागा हवी असते. त्या डब्यातून उतरतात, आजूबाजूच्या मातीत, फरशीच्या फटीत, पालापाचोळ्याखाली शिरतात आणि तांबडे कोष करतात. पुढच्या मंगळवार-बुधवारच्या सुमारास त्यातून माश्या निघतात.

आता डबा रविवारी रिकामा केला तर काय होईल? कचरा गेला, पण अळ्या आधीच मातीत उतरल्या होत्या. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा कचरा उचलणं ही माशी रोखण्याची किमान मर्यादा याच हिशेबाने आली. मासळीबाजाराचा कचरा तर रोजच गेला पाहिजे. डब्याला घट्ट झाकण हवं आणि त्याखाली धुता येईल असा कोबा हवा. माती असेल तर गळलेल्या घाणपाण्यातच नवी पिढी वाढते. डबा उचलून खाली बघा. तांदळासारख्या पांढऱ्या अळ्या किंवा तांबूस कोष दिसले, तर तुमच्या बाजारातल्या माश्यांचा पत्ता सापडला.

"या माश्या उत्तनच्या कचऱ्यातून येतात" असंही कानावर येतं. उत्तन काशीगावापासून साधारण दहा किलोमीटरवर. माशी कधीकधी लांब उडते हे खरं, पण खायला आणि अंडी घालायला जागा मिळाली की बहुतेक माश्या एक-दोन किलोमीटरच्या आतच राहतात. काशीगावातली माशी बहुधा काशीगावातलीच असते. गल्लीमागच्या डब्यात, तबेल्याच्या ताज्या शेणात, बांधकामाच्या कडेला उघड्यावर केलेल्या शौचात ती वाढलेली असते. शेण आणि शौच इथे विसरू नयेत, कारण एकदा अन्न झाकलं तरी माशीच्या पोटात काय असेल हे तेच ठरवतात.

गाडीवर काय चालतं

निळ्या दिव्याचं माशी मारणारं यंत्र अन्नावर टांगू नये. विजेच्या झटक्याने माशी फुटते, तिचे तुकडे आणि जंतू उडून खालच्या ताटावर पडतात. चिकटपट्टीचा दिवा बरा, तोही बाजूला. पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्याने माश्या जातात, याला भरवशाचा आधार नाही. जाळी उपयोगी पडते, पण ती अन्नाला टेकली की माशी जाळीवर बसून तोंड खाली घालते. म्हणून सांगाडा हवा आणि जाळीची भोकं दोन मिलिमीटरहून मोठी नकोत. चालता पंखा थेट अन्नावर असेल तर माशीला बसताना त्रास होतो, त्यामुळे गाडीवाल्याला तो परवडला तर जरूर ठेवावा.

गूळपाण्याचा किंवा मासळीच्या पाण्याचा सापळा लावायचा तर तो गाडीपासून दूर, कचऱ्याच्या बाजूला. गाडीवर टांगलेला सापळा माश्यांना आमंत्रण देतो. इस्रायली सैन्याच्या तळांवर १९८८ आणि १९८९ च्या उन्हाळ्यांत आमिषाचे सापळे लावून कसून माश्या कमी केल्या गेल्या. पहिल्या वर्षी एका तळावर, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यावर, म्हणजे जागेचा फरक गणितात यायला नको. माश्या ६४ टक्क्यांनी घटल्या, जुलाबासाठी दवाखान्यात येणं ४२ टक्क्यांनी, आणि शिगेलासाठी येणं ८५ टक्क्यांनी. पाकिस्तानातल्या गावांत फवारणीने माश्या जवळजवळ संपवल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनीच कमी झाले, कारण तिथे पाणी आणि हातही आजार आणत होते. काशीगावातही माशी गेली म्हणून टाकीचं पाणी आपोआप शुद्ध होणार नाही, ते वेगळं पाहावं लागेल.

आपल्या बाजारात फरक पडला का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. लाकडी पट्ट्यांची हात-दीड हाताची जाळीदार चौकट करा. माश्या जमतात अशा दहा जागी ती ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी अर्ध्या मिनिटात तिच्यावर किती माश्या येऊन बसतात ते मोजा. सर्वांत मोठ्या पाच आकड्यांची सरासरी वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजा. डबा रोज उचलायला लागल्यापासून आकडा उतरायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात, कारण मातीतले कोष आणि आधीच उडालेल्या माश्या तेवढा काळ टिकतात. तिसऱ्या आठवड्यानंतरही आकडा जिथल्या तिथे असेल, तर चौकट कुठे जास्त भरते ते बघा आणि तिथून शंभर पावलांच्या आत ओला कचरा, शेण किंवा शौच शोधा.