हुंड्याची बोलणी आणि एक प्रेमपत्र

आज आपण साडेपाचशे वर्षांपूर्वीची काही पत्रं उघडून बघणार आहोत. पत्रं इंग्लंडमधली आहेत, पण त्यातलं प्रकरण तुम्हाला अजिबात परकं वाटणार नाही. मुलगा आवडलाय, मुलाला मुलगी आवडलीय, आणि गाडी अडलीय हुंड्यावर.

साल 1477, महिना फेब्रुवारी. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा भाग आहे. तिथल्या टॉपक्रॉफ्ट गावात मार्जरी ब्रूज नावाची मुलगी राहायची. तिचं लग्न जॉन पॅस्टन या तरुणाशी ठरत होतं. दोन्ही घरं जमीनदारांची. त्या काळी तिथेही मुलीच्या बापाने रोख रक्कम द्यायची आणि मुलाकडच्यांनी जमीन दाखवायची, असा व्यवहार असे. मार्जरीच्या वडिलांनी आपला आकडा सांगितला होता आणि त्यापुढे ते सरकायला तयार नव्हते. त्यांचं कारणही पत्रात सापडतं. एकाच मुलीवर एवढं खर्चलं तर बाकीच्या मुलींचं काय, असं त्यांचं म्हणणं. कंजूष म्हणून त्यांना नावं ठेवावीत, असं मला तरी वाटत नाही.

या अडलेल्या वेळी मार्जरीने जॉनला पत्र पाठवलं. त्यात ती त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हणते. इंग्रजीत जपलं गेलेलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाइन पत्र म्हणून ते आज ओळखलं जातं. ती सांगते की तुमच्याकडून काही कळेपर्यंत माझं शरीरही बरं नाही आणि मनही. आईने वडिलांकडे खूप खटपट केली, पण जास्त काही मिळेना. तरी तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका. तुमच्याकडे आज आहे त्याच्या निम्मी मिळकत नसती, तरी मी तुम्हाला सोडलं नसतं. मध्येच ती यमक जुळवून चार ओळीही घालते. आणि शेवटी विनंती करते की हा कागद तुमच्याखेरीज कोणी पाहू नये.

आता गंमत बघा. हे पत्र मार्जरीने स्वतः लिहिलेलं नाही. अक्षर आहे थॉमस केला याचं, आणि हा तिच्या वडिलांचाच कारकून. घरातली इतर कागदपत्रं शेजारी ठेवून अक्षर ताडलं की हे कळतं. त्या काळी चांगल्या घरच्या बायकाही पत्रं तोंडी सांगायच्या आणि कोणीतरी लिहून घ्यायचं. जॉनची आई मार्गारेट हिची शंभराच्या वर पत्रं आहेत, तीही वेगवेगळ्या माणसांच्या हातची. म्हणजे कोणी पाहू नये हे वाक्यसुद्धा एका तिसऱ्या माणसाने ऐकून लिहिलं. आपल्याकडेही कालपरवापर्यंत मुंबईला असलेल्या नवऱ्याला पत्र धाडायचं तर बाई शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवून घ्यायची. त्याच्यासमोर काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे तिला ठरवावंच लागे.

मग अशा पत्रातली खरी भावना ओळखायची कशी? जुनी पत्रं वाचणारे आधी ठरावीक मजकूर बाजूला काढतात. आपण जसं सप्रेम नमस्कार विनंती विशेष लिहायचो, तसे तिकडेही आदराचे, तब्येत विचारण्याचे, देवाच्या कृपेचे साचे होते. नवऱ्याला, बापाला, साहेबाला, सगळ्यांना तेच. जिथे पत्र साच्यातून बाहेर पडतं तिथे थांबायचं. तब्येत विचारणं हा साचा होता, पण तुमच्यामुळे माझी तब्येत बिघडलीय, हे मार्जरीचं स्वतःचं.

थोड्याच दिवसांत तिने दुसरं पत्र पाठवलं, आणि मला तेच जास्त आवडतं. यात ती स्पष्ट आकडा सांगते. वडील शंभर पौंड आणि पन्नास मार्कच्या वर देणार नाहीत. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, तेव्हा सगळे मिळून साधारण 133 पौंड. एवढ्यात आणि माझ्यात तुमचं समाधान होणार असेल तर माझ्याइतकी आनंदी मुलगी पृथ्वीवर नसेल, असं ती म्हणते. नसेल होणार, तर पुन्हा या कामासाठी येण्याची तसदी घेऊ नका, विषय इथेच संपवू. विनवणी आहे, पण लोटांगण नाही.

तिची आईही गप्प बसलेली नव्हती. एलिझाबेथबाईंनी जॉनला व्हॅलेंटाइनच्या दिवसासाठी घरी बोलावलं. त्या दिवशी पाखरं जोडीदार निवडतात, असं तिथे म्हणत. मुलीने तुमची अशी वकिली लावलीय की मला रात्रंदिवस चैन नाही, आणि ओकचं झाड काही पहिल्या घावात पडत नाही, असं त्यांनी कळवलं. जावयाला चिकाटी धरायला सांगणारी सासू! मार्गारेटनेही आपल्याकडची स्पारमची जमीन मुलाला द्यायचं कबूल केलं आणि त्याच वर्षी लग्न झालं. चार वर्षांनी जॉन लंडनला होता, तेव्हाचं मार्जरीचं पत्र आहे. बरंचसं पत्र जमिनीच्या भांडणाबद्दल. शेवटी मात्र ती म्हणते की जास्त दिवस राहणार असाल तर मला बोलावून घ्या, तुमच्या मिठीत निजून फार दिवस झाले.

हाच जॉन आपल्या बहिणीच्या वेळी कसा वागला, हेही त्याच पत्रांत आहे. बहिणीचंही नाव मार्जरीच. तिने घरच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्या रिचर्ड कॅलेशी गुपचूप लग्नाची वचनं घेतली. चर्चच्या कायद्याने, मी तुला पती मानते असं दोघांनी बोललं की लग्न पक्कं. साक्षीदाराचीही गरज नव्हती. जॉनने भावाला लिहिलं की आपली बहीण मेणबत्त्या आणि मोहरी विकत बसेल, याला मी कधीच संमती देणार नाही. 1469 मध्ये बिशपने दोघांची वेगवेगळी चौकशी केली. तिने आपले शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि तेवढ्याने लग्न पक्कं होत नसेल तर इथून जाण्याआधी आणखी पक्कं करते, असं ठणकावलं. आईने घराचं दार बंद केलं.

रिचर्डने तिला लिहिलेलं एक पत्र आपल्यापर्यंत आलंय. त्यात तो विनवतो की वाचून झालं की हे जाळून टाक. ते जळलं नाही. पॅस्टन घराण्याच्या कागदांत मिळालं, तेव्हा बहुधा ते तिच्या हाती पोचण्याआधीच घरच्यांनी अडवलं असावं. त्या घराला कागद जपायची सवय होती ती प्रेमापोटी नाही. जमिनीचे खटले सारखे चालू असत आणि कुठला कागद कोर्टात कामी येईल सांगता येत नसे. खतं, पावत्या, हिशेब आणि त्यांच्यातच ही पत्रं, असे हजाराहून जास्त कागद उरले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्या घरात असं काही राहिलं नाही. त्या बायकांनी कोणाला काय सांगून धाडलं, ते आपल्याला ऐकू येत नाही.

बहिणीचं लग्न मोडता आलं नाही. रिचर्ड पुढे पुन्हा त्याच घराचं काम बघू लागला. मार्गारेटने 1482 मध्ये मृत्युपत्र केलं, तेव्हा त्यात या लेकीच्या थोरल्या मुलासाठी वीस पौंड लिहून ठेवले.